मखर विकतचं आणलं

«मी २७ वर्षांचा, म्युनिकमध्ये मेकॅनिकल इंजिनियर. नोकरी छान आहे, मित्र आहेत, इथली थंडीसुद्धा आवडते. पण गणपती आले की दिवाळी संपेपर्यंत मन घरीच असतं. व्हिडिओ कॉलवर खूप हसतो, आणि फोन ठेवला की घसा दाटून येतो. मित्र म्हणतात, सवय होईल. तीन वर्षं झाली, होत नाही. हा आजार आहे का? मी खरंच मजेत आहे, मग असं का व्हावं?»

हा मजकूर २०२४ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला माझ्याकडे आला. पुढे आम्ही पाच वेळा ऑनलाइन बोललो. त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे, कारण दर वर्षी या दिवसांत असे पाच-सहा जण तरी माझ्याकडे येतात आणि बहुतेकांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते.

पहिल्या भेटीत मी त्याला एकच विचारलं: गेल्या महिन्यात गणपतीच्या दिवशी नेमकं काय झालं, सकाळपासून सांग. ७ सप्टेंबर, शनिवार. पुण्यात प्रतिष्ठापना साडेअकराला, म्हणजे त्याच्याकडे सकाळचे आठ. तो आंघोळ करून, कुर्ता घालून पलंगावर लॅपटॉप घेऊन बसला. तिकडे आईने फोन मोदकपात्राच्या खोक्याला टेकवून ठेवला होता. त्याला दिसत होता अर्धा गणपती आणि वरचा पंखा. मधूनमधून कुणीतरी वाकून म्हणायचं, «अरे, दिसतंय ना तुला?» आणि तो म्हणायचा, «हो हो, मस्त!» हे एक तास चाळीस मिनिटं चाललं. आरतीत आवाज मागे-पुढे होत होता, म्हणून त्याने स्वतःचा माइक बंद केला आणि टाळ्या तशाच वाजवल्या.

«मग रडू कधी आलं?» मी विचारलं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, «मखर बघितल्यावर. विकतचं होतं.»

आठवीपासून घरचं मखर तो आणि बाबा करायचे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून पुठ्ठ्याचं. पंधरा दिवस आधी हॉलमध्ये कात्रणं पडलेली, आईची चिडचिड, रात्री एकला दिव्यांची माळ तपासणं. तो गेल्यावर पहिली दोन वर्षं बाबांनी जुनंच मखर डागडुजी करून वापरलं. या वर्षी ते दुकानातून आणलं.

माझ्या मते त्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. अंतर सगळ्यांनाच असतं, पण सणात टोचतं ते बहुतेक वेळा अंतर नसतं. आपल्या वाट्याचं काम गेलेलं असतं. घरी असताना सण कुणी बघत नाही, सण करतो. कुणी नारळ खवतं, कुणी रांगोळीसाठी अंगण सारवतं, कुणाला फक्त वरच्या फळीवरचं ताम्हण काढून द्यायचं असतं. परदेशी गेलं की हातातलं काम सुटतं आणि हातात उरतो तो फोन. कॉल जितका लांब, तितकं प्रेक्षक असणं जास्त जाणवतं. म्हणून कॉलवर हसू खरं असतं आणि नंतरचा हुंदकाही खराच असतो. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

आजाराचा प्रश्न त्याने दुसऱ्या भेटीत पुन्हा काढला. घरच्या ओढीला एके काळी खरोखर आजार मानत होते. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या तरुण स्विस वैद्यकाने घरापासून दूर गेलेल्या लोकांमधल्या या दुखण्यावर प्रबंध लिहिला आणि त्यासाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. आजचं संशोधन वेगळं सांगतं. अशा आठवणींनंतर माणसाला एकटं वाटण्याऐवजी जोडलेलं वाटतं, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. त्याच्या बाबतीत मी तीन गोष्टी पडताळल्या. ओढ लाटेसारखी येते आणि ओसरते का? येण्याला काही निमित्त असतं का, फोटो, वास, कॉल? आणि मधल्या वेळात जेवण, झोप, काम, सायकलवरची भटकंती यांत पूर्वीसारखा रस आहे का? तिन्हींचं उत्तर हो होतं. सलग दोन आठवडे मन खालीच राहिलं असतं, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असत्या, तर मी त्याला तिथल्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

त्यातच एक गोष्ट मी आवर्जून विचारते, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: उजेड. म्युनिकमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिवस जेमतेम दहा तासांचा असतो आणि डिसेंबरात साडेआठ तासांच्या आत येतो. काहींना त्या कमी उजेडाचंच मळभ येतं, आणि नेमकी तेव्हाच दिवाळी असल्यामुळे सगळा दोष घरच्या आठवणीला जातो. दिवाळी संपून महिना झाला तरी जडपणा, जास्त झोप, गोडाची हाव चालूच असेल तर ती घरची ओढ नसण्याची शक्यता मोठी आणि उपायही वेगळा. याला तसं काही नव्हतं. तरी दुपारच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चालायला मी सांगितलं, आणि ते त्याने मनापासून केलं.

पुढचा गृहपाठ अवघड होता. बाबांना मखराबद्दल खरं सांगायचं. तो म्हणाला, «मॅडम, त्यांना उगाच वाईट वाटेल.» घरोघरी हेच चालतं. मुलगा म्हणतो मी मजेत, आई-बाबा म्हणतात आम्ही मजेत, आणि दोघं एकमेकांना सांभाळत बसतात. दोन दिवस त्याने टाळलं, मग कॉलवर एकदाचं बोलला, «बाबा, विकतचं मखर बघून मला वाईट वाटलं.» तिकडून बराच वेळ काही आलं नाही. मग बाबा म्हणाले, «मला एकट्याला करवेना रे.»

हे मला सांगताना तो रडला आणि लगेच हसलाही.

मग आम्ही दिवाळीचं ठरवलं. लांब कॉल बंद. त्याऐवजी काम असलेला कॉल: बाप-लेक एकाच वेळी, आपापल्या टेबलावर एकसारखा आकाशकंदील करणार. फोन चेहऱ्यासमोर न धरता हातांवर रोखून ठेवायचा. पाऊण तासाने कॉल संपवायचा, काम अर्धवट राहिलं तरी. अर्धवट राहिलं तर चांगलंच, उद्याच्या कॉलला कारण मिळतं.

जुना चौकोनांचा कंदील ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे: चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन, आणि कोपऱ्याला कोपरा दोऱ्याने बांधायचा. चोवीस कामट्या, बारा जोड. म्युनिकात बांबूच्या कामट्या कुठल्या? त्याने सुपरमार्केटमधून भाजण्याच्या लाकडी काड्या आणल्या, ३० सेंटीमीटरच्या बारा. टोकं छाटून मधोमध कापल्या की झाल्या चोवीस. बांधून झालेला सांगाडा डुगडुगत होता. त्याचा जीव वर-खाली. तिकडून बाबा म्हणाले, «डुगडुगू दे, कागद लागला की ताठ होईल.» तसंच झालं. खळ वाळताना कागद ताणला जातो आणि सांगाडा आवळून बसतो. यंत्रांची गणितं करणाऱ्या मुलाला यात जो आनंद झाला, तो त्याने मला दहा मिनिटं समजावून सांगितला.

कागदाची गोष्ट तर त्याहून गोड. पतंगीचा कागद मिळेल का, असं त्याने ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आत्ता तर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. ११ नोव्हेंबरला तिकडे सेंट मार्टिनचा दिवस असतो आणि मुलं स्वतः केलेले कंदील घेऊन संध्याकाळी मिरवणुकीने निघतात. त्यासाठी पारदर्शक रंगीत कागदाचे गठ्ठे आलेले असतात. सहकाऱ्याच्या घरीही मुलीचा कंदील चालूच होता.

एक घोटाळा झाला, तो सांगायलाच हवा. पहिला कॉल २७ ऑक्टोबरला, रविवारी ठरला होता. भारतात संध्याकाळचे सहा, त्याच्याकडे अडीच. पण त्याच पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली. साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला. तो आपल्या अडीचला बसला तेव्हा पुण्यात सात वाजले होते, आणि बाबा खळ घेऊन तासभर वाट बघत होते. «विसरला असेल,» असं त्यांनी आईला सांगून टाकलं होतं. युरोपात घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. दिवाळी बऱ्याचदा याच सुमारास येते, म्हणून वेळ नेहमी भारताच्या घड्याळाने ठरवावी.

अभ्यंगस्नानाला मात्र मी त्याला घरच्या घड्याळामागे धावू दिलं नाही. पुण्यात पहाटेचे पाच म्हणजे त्याच्याकडे रात्रीचे साडेबारा. ३१ ऑक्टोबरला तिथे ऑफिस होतं. तो आपल्या पाचला उठला आणि आईने बॅगेत घातलेली उटण्याची पुडी फोडली. वास नाकातून मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या भागांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा जवळच्या वाटेने जातो, त्यामुळे बाथरूममध्ये भरून येईल हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. आलं. पाच मिनिटांनी ओसरलं. नऊला तो ऑफिसात होता, आणि दुपारी त्याने सगळ्यांना करंज्या वाटल्या.

१ नोव्हेंबरला, शुक्रवारी, लक्ष्मीपूजन. बव्हेरियात त्या दिवशी सर्व संतांचा सण, सार्वजनिक सुट्टी. दुकानं बंद, रस्ते शांत, गाण्याचा आवाजही नाही. झेंडूची फुलं आदल्या दिवशीच आणून ठेव, असं मी सांगितलं होतं. संध्याकाळी पूजेनंतर तो चालायला निघाला आणि घराजवळच्या दफनभूमीपाशी थांबला. आत प्रत्येक थडग्यावर लाल काचेत एक दिवा. माणसं गरम कोट घालून, हळू बोलत, दिव्याची वात नीट करत होती. त्याने मला लिहिलं: «मॅडम, इथेही आज सगळे आपापल्या माणसांसाठी दिवे लावत होते. मी बराच वेळ उभा राहिलो. एकटं नाही वाटलं.»

त्याचा कंदील पुढे सेंट मार्टिनच्या मिरवणुकीत गेला. आत बॅटरीचा दिवा, खाली झिरमिळ्या. धरला होता सहकाऱ्याच्या मुलीने, कारण तिचा स्वतःचा त्याच दुपारी फाटला होता.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, घसा अजून दाटतो का? «दाटतो. पण आता फोन ठेवल्यावर काहीतरी करायचं असतं.» पुढच्या गणपतीच्या मखराचे आराखडे तो म्युनिकहून पाठवणार आणि बाबा पुठ्ठा कापणार, असं ठरलं आहे. बाबांना देवळाचा गाभारा हवाय, याला झुलता पूल. आईने दोघांना सांगून ठेवलंय की या वेळी कात्रणं हॉलमध्ये नकोत.