सबक्रिटिकल प्रवाहात रुंदी कमी केली तर पाणी खाली का जातं, आणि चोक कधी होतं

प्रश्न: आयताकृती चॅनलमध्ये सबक्रिटिकल प्रवाह आहे. पुढे रुंदी कमी केली तर खोली वाढते की कमी होते? जागा कमी झाली म्हणजे पाणी चढायला हवं ना? आणि किती अरुंद केलं की प्रवाह चोक होतो?

उत्तर: अरुंद भागातली खोली कमी होते, पण एका ठरावीक रुंदीपर्यंतच. त्याहून अरुंद केलंत तर प्रवाह चोक होतो, म्हणजे आहे त्या ऊर्जेत तेवढं पाणी मावत नाही, आणि पाणी खरंच चढतं, मात्र सर्वांत आधी अरुंद भागाच्या अलीकडे, वरच्या बाजूला. तुमच्या मनातलं चित्र चुकीचं नाही, ते या दुसऱ्या अवस्थेचं आहे.

आकडे घेऊन बघू. रुंदी ४ मीटर, खोली १.६ मीटर, प्रवाह सेकंदाला ८ घनमीटर, तळ सपाट. वेग १.२५ मीटर प्रति सेकंद, फ्राउड नंबर साधारण ०.३२, म्हणजे १ पेक्षा कमी, म्हणून प्रवाह सबक्रिटिकल. स्पेसिफिक एनर्जी म्हणजे खोली आणि वेगाचा हेड यांची बेरीज:

E = y + Q²/(2gB²y²) = 1.6 + 0.08 = 1.68 m

आता रुंदी ३ मीटर करा. समजा पाणी चढून १.६५ मीटर झालं. तर वेग १.६२ होतो, त्याचा हेड ०.१३ मीटर, आणि बेरीज १.७८. हाताशी असलेल्या ऊर्जेपेक्षा ही १० सेंटिमीटर जास्त आहे. ती येणार कुठून? सबक्रिटिकल प्रवाहात ऊर्जेचा मोठा भाग खोलीतच असतो. अरुंद जागेतून तेवढंच पाणी न्यायला वेग वाढवावा लागतो आणि तो खर्च खोलीतूनच भागवावा लागतो. समीकरण सोडवलं की खोली १.५२ मीटर येते, म्हणजे पाणी सुमारे ८ सेंटिमीटरने खाली गेलं.

याच समीकरणाला ०.५७ मीटर असं आणखी एक धन उत्तर मिळतं. परीक्षेत मुलं इथे हमखास अडखळतात. ते सुपरक्रिटिकल उत्तर आहे. तिथे पोचायला प्रवाहाला आधी क्रिटिकल खोलीतून जावं लागेल, आणि ३ मीटर रुंदीत ती अवस्था वाटेत येतच नाही. म्हणून वरचंच उत्तर घ्यायचं.

रुंदी आणखी कमी करत गेलात तर खोली घसरत शेवटी क्रिटिकल होते. आयताकृती चॅनलमध्ये क्रिटिकल खोली ऊर्जेच्या दोन तृतीयांश असते. उपलब्ध ऊर्जेत दर मीटर रुंदीमागे जास्तीत जास्त पाणी याच खोलीवर जाऊ शकतं. म्हणून मर्यादा अशी निघते:

yc = (2/3)E = 1.12 m
qmax = √(g·yc³) = 3.71 m²/s
Bmin = Q/qmax = 8/3.71 ≈ 2.16 m

२.१६ मीटरला अलीकडची खोली अजून १.६ मीटरच असते आणि अरुंद भागात १.१२. इथपर्यंत वरच्या पाण्याला पुढच्या अडचणीची झळ लागलेली नसते.

रुंदी १.८ मीटर केलीत तर १.६८ मीटर ऊर्जेत ८ घनमीटर मावत नाहीत. वरून प्रवाह मात्र तितकाच येत राहतो, म्हणून पाणी अलीकडे साचत जातं आणि ऊर्जा पुरेशी होईपर्यंत चढतं. अरुंद भागात क्रिटिकल खोली कायम राहते, पण आता दर मीटर प्रवाह ४.४४ असल्याने ती १.२६ मीटर होते. लागणारी ऊर्जा तिच्या दीडपट, १.८९ मीटर. त्यावरून अलीकडची खोली १.८३ मीटर निघते, म्हणजे २३ सेंटिमीटर चढ. इथे जुनी E धरून गणित केलं तर उत्तरच सापडत नाही. तुमच्या समीकरणाला धन मूळ मिळेनासं झालं तर ती आकडेमोडीतली चूक समजू नका, प्रवाह चोक झालाय असं समजा.

प्रत्यक्ष कालव्यावर ओळखायचं असेल तर खालच्या बाजूची पातळी थोडी वरखाली करून बघावी. चोक नसताना तो बदल वरपर्यंत पोचतो. चोक झाल्यावर, खालचं पाणी अरुंद भाग बुडवण्याइतकं चढत नाही तोवर, वरची पातळी हलत नाही. अनेकदा अरुंद भागानंतर पाणी वेगाने खाली घसरतं आणि पुढे हायड्रॉलिक जंपही दिसतो. पार्शल फ्ल्यूम आणि स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम याच गुणावर चालतात. त्यात प्रवाह मुद्दाम चोक करतात, त्यामुळे वरची एकच पातळी वाचून विसर्ग काढता येतो.

वरच्या गणितात ऊर्जेची हानी शून्य धरली आहे. भिंती हळूहळू आत आणल्या असतील तर हे चालतं. कोपरे काटकोनी असतील तर थोडी ऊर्जा वाया जाते आणि प्रवाह २.१६ मीटरच्या आधीच चोक होतो. त्यामुळे पुलाची किंवा कालव्याची रुंदी या आकड्याला चिकटवून ठरवू नये, विशेषतः वरच्या बाजूचे बांध २३ सेंटिमीटरचा चढ पेलण्याइतके उंच नसतील तर.