सोसायटीच्या कार्यक्रमाला गेटवर पाहुण्यांची नोंद: आधी यादी, मग कोड

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये घरचा कार्यक्रम आहे, साधारण दीडशे पाहुणे. कमिटी म्हणते अ‍ॅपवर सगळ्यांची नावं आधी टाका, प्रत्येकाला ओटीपी जाईल, गेटवर वही नको. हे जमतं का? आणि नोंदी नंतर किती दिवस ठेवायच्या?

उत्तर:

जमतं, पण कमिटी सांगते तसं नाही. माझ्या वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी हे सगळं भोगलंय, म्हणून लिहितो.

ठाण्यात आमची सोसायटी, तीन विंग, एकच गेट. मे महिना, सकाळी अकराचा मुहूर्त, एकशे चाळीस पाहुणे. सेक्रेटरींचा हट्ट होता की माणशी एक कोड, तो एकदाच चालणार, आणि यादीचा कागद गेटवर ठेवायचा नाही. मी दोन रात्री बसून नावं आणि मोबाईल नंबर भरले. नंबर घेतले बायकोच्या फोनमधून. तिथेच पहिला घोटाळा झाला. निम्म्या म्हाताऱ्या मंडळींच्या नावापुढे त्यांच्या मुलांचे नंबर होते. त्यामुळे ठाण्यात रिक्षातून उतरणाऱ्या मावशीचा कोड गेला बंगळुरूला, मिटिंगमध्ये बसलेल्या मावसभावाकडे.

बाबांचे एक मित्र एसटीत कंडक्टर होते. वय ब्याऐंशी, बटणांचा फोन. त्यांचा नंबर बरोबर होता, मेसेजही आदल्या दिवशी पोचला होता. वॉचमनने विचारलं, "आजोबा, ओटीपी सांगा." ते म्हणाले, "सांगणार नाही. बँकेने सांगितलंय, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही." वॉचमन त्याच्या जागी बरोबर, आजोबा त्यांच्या जागी शंभर टक्के बरोबर. पंचवीस मिनिटं ते काकूंसोबत गेटबाहेरच्या कठड्यावर बसून होते. आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं तपासलेल्या माणसाला आम्ही बिनातिकिटाचं केलं. तेव्हा मेसेजमध्ये 'ओटीपी' हा शब्दच येऊ देऊ नका. अ‍ॅपचा मेसेज बदलता येत नसेल तर त्यावर स्वतः एक फोन करा: "उद्या गेटवर सहा आकडी पास नंबर विचारतील, तो सांगायचा."

यादीत नाव दिसत असूनही वॉचमनने त्यांना का सोडलं नाही? कारण कोड नसला की अ‍ॅप यजमानाच्या फोनवर परवानगी मागतं. यजमान मी. मी सोवळं नेसून पाटावर, फोन बायकोच्या पर्समध्ये, पर्स हॉलमागच्या खोलीत. मग वॉचमनने इंटरकॉमवरून घरी फोन लावला. घरी कोण असणार? घराला कुलूप. मला विचाराल तर असल्या कार्यक्रमात सगळ्यात आधी दुरुस्त करायची गोष्ट हीच. त्या दिवसापुरता परवानगीचा नंबर बदलून घरातल्या अशा एका माणसाचा द्या ज्याला पूजेत, फोटोत, वाढण्यात काहीच काम नाही. आणि त्याला खुर्ची टाकून गेटवरच बसवा. कॉलेजातला भाचा उत्तम. त्याला नातेवाईक तोंडओळखीने माहीत असतात, 'पिंटूमामा' म्हणजे यादीतलं कुठलं नाव ते त्यालाच कळतं. वॉचमनला ते कधीच कळणार नाही.

दुसरा घोटाळा 'एकदाच' या शब्दाचा. डोंबिवलीचे पाच जण दोन रिक्षांत आले. पुतण्याने सोपं जावं म्हणून पाचांसाठी एकच कोड घेतला होता. पहिल्या रिक्षाने तो वापरला, दुसरीला उत्तर मिळालं, 'वापरून झाला आहे'. माझा चुलतभाऊ भटजींना हवे होते म्हणून दर्भ आणायला बाहेर गेला, तोही परत येताना अडकला. एकदाचा कोड पहिल्या प्रवेशालाच संपतो, बाहेर जाऊन पुन्हा येणारा त्याच्या हिशेबात नसतो. म्हणून कोड माणशी देऊ नका, गाडीगणिक द्या. कुटुंब दोन रिक्षांनी येणार असेल तर दोन कोड. आणि घरची जी सहा-सात माणसं दिवसभर आत-बाहेर करणार आहेत त्यांना एकदाचा कोड देऊच नका. अ‍ॅपमध्ये ठरावीक वेळेपुरता पास असतो, तो द्या. नाहीतर त्यांची नावं कागदावर वेगळी लिहून वॉचमनला चेहरे दाखवून ठेवा.

वेळेचा हिशेब करून पाहा. फोन हातात असलेला पाहुणा कोड सांगतो, वॉचमन टाईप करतो, हिरवी खूण येते: मी घड्याळ लावून पाहिलंय, चाळीस सेकंद. मुहूर्ताआधीच्या दहा मिनिटांत आमच्याकडे बारा रिक्षा आल्या. म्हणजे आठ मिनिटांचं काम, जमायला हवं. पण एक जण अडला की चार मिनिटं जातात. तिघं अडले आणि रांग रस्त्यावर गेली, मागून बसचा हॉर्न. अडलेल्याला बाजूला घ्यायला दुसरा माणूस असता तर रांग हललीच असती.

दीड वर्षाने त्याच हॉलमध्ये पुतणीचा साखरपुडा झाला, तेव्हा गेट मी माझ्या पद्धतीने लावलं. आडनावाच्या अ-आ-इ-ई क्रमाने छापलेली यादी, दोन प्रती. एका ओळीत आडनाव, किती जण, कोडचे शेवटचे दोन आकडे, आणि 'आत किती आले' याला रिकामी जागा. मोबाईल नंबर कागदावर नाही. ज्याच्याकडे कोड आहे तो कोडने, नाही तो यादीतल्या नावाने, भाच्याने मान डोलावली की आत. दोन्हीत नसेल तर शेवटच्या पानावर नाव, कोणाकडचे, गाडी नंबर, वेळ. मध्येच नेट गेलं, कागद चालू राहिला. यादीत १२६ जण होते, त्यातले १०९ आले, ऐनवेळचे ९. एकूण ११८. केटररने बिल लावलं १४० ताटांचं! मी ते पान पुढे केलं. त्याच्या वाढप्यांची आणि आमच्या घरच्यांची ताटं धरून १३० वर तडजोड झाली. वाढपी, डेकोरेशनवाले यांची यादी मात्र वेगळी हवी, आणि त्यांची बाहेर पडल्याची वेळही लिहायची. पाहुण्यांची बाहेर पडण्याची नोंद कोणी करत नाही, करूही नका. जेवून निघालेल्या माणसाला गेटवर थांबवणं बरं दिसत नाही.

आता, कोड नकोच असं मी म्हणत नाही. सात-आठशे फ्लॅटची सोसायटी, दोन गेट, त्याच दिवशी दुसरा कार्यक्रम, वॉचमन नवे, तिथे कोडशिवाय निभणार नाही. आणि ऐनवेळी तब्येतीचं काही झालं तर अ‍ॅम्ब्युलन्सला कोड विचारायचा नाही, हे वॉचमनला आधी सांगून ठेवा. त्यालाही भीती असते, नंतर बोलणी तोच खातो.

नोंदींचं म्हणाल तर माझी यादी मी बिलं मिटली की फाडतो, पंधरा दिवस पुरतात. अ‍ॅपमधलं आणि सोसायटीच्या वहीतलं किती ठेवायचं ते कमिटीने ठरवायचं. पण गेटवर उघडी पडलेली, सगळ्यांचे नंबर दिसणारी वही असेल तर त्यावर आक्षेप जरूर घ्या.

आमचे सेक्रेटरी अजूनही मिटिंगमध्ये म्हणतात की त्या दिवशीचा गोंधळ मी नंबर चुकीचे भरल्यामुळे झाला. नंबर चुकले, मान्य. पण कंडक्टरआजोबांचा नंबर बरोबर होता. मागच्या डिसेंबरात त्यांच्या नातवाची मुंज झाली, तेव्हा गेटवर खुर्ची होती आणि खुर्चीत त्यांचा जावई बसला होता, मांडीवर कागद घेऊन.