थकलेल्या बिलाच्या मागणीचे पत्र आणि त्यातला व्याजाचा हिशेब

प्रश्न: "एका जुन्या ग्राहकाने तीस दिवसांच्या उधारीवर माल नेला. निम्मे पैसे उशिरा दिले, उरलेले अजून आलेले नाहीत. बिलावर व्याजाची अट छापलेली आहे. संबंध न बिघडवता, पण व्याजाचा उल्लेख करून पैसे मागणारे पत्र कसे लिहावे?"

उत्तर:

मी एका घाऊक दुकानाचे हिशेब पाहतो आणि तिथली तगाद्याची पत्रे मीच लिहितो. अशा पत्रात बहुतेक जण शब्दांवर फार मेहनत घेतात आणि आकड्यांवर कमी. माझ्या मते उलटे करावे. समोरच्याने स्वतःचे कागद काढून पाच मिनिटांत पडताळून पाहावा आणि त्यात एकही चूक सापडू नये, असा हिशेब पत्रात असेल तर भाषा कितीही सौम्य ठेवली तरी चालते.

आधी व्याजाची अट नीट वाचा. दर किती, तो दरमहा की दरसाल, आणि व्याज कोणत्या दिवसापासून, या तीन गोष्टी तिच्यात असल्या पाहिजेत. ती ग्राहकाला माल देताना माहीत होती, हे दाखवता येणेही तितकेच महत्त्वाचे आहे. ऑर्डरच्या कागदावर किंवा कोटेशनवर तीच अट असेल, किंवा अट छापलेल्या बिलाच्या प्रतीवर त्याची सही असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. माल पोहोचल्यावर पाठवलेल्या बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ती पहिल्यांदाच आली असेल, तर "हे ठरलेच नव्हते" असे तो म्हणू शकतो आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे ठरत नाही. अशा वेळी व्याजाचा उल्लेख करावा, पण सगळा भर मुद्दलावर ठेवावा. अटच नसेल तर पत्र लिहिताना स्वतःच्या मनाने दर ठरवू नये.

आता हिशेब. तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून एक उदाहरण घेतो. बिल क्रमांक ३१८, तारीख ३ मार्च, रक्कम ७३,०००, मुदत तीस दिवस, व्याज दरसाल १८ टक्के. मुदत २ एप्रिलला संपते, त्यामुळे व्याजाचा पहिला दिवस ३ एप्रिल. सर्वांत जास्त चुका नेमक्या इथे होतात, कारण व्याज बिलाच्या तारखेपासून धरले जाते. दिलेल्या मुदतीवरच व्याज लावल्यासारखे ते होते आणि या उदाहरणात त्याने १,०८० जास्त मागितले जातात. एवढी एक चूक ग्राहकाच्या लेखापालाला सापडली की तो सगळे पत्र "हिशेब दुरुस्त करून पाठवा" असा शेरा मारून बाजूला ठेवतो आणि तुमचा महिना जातो.

७३,००० चे १८ टक्के म्हणजे वर्षाला १३,१४०. त्याला ३६५ ने भागले की दिवसाचे व्याज ३६ येते. ग्राहकाने २ मे रोजी ३६,५०० दिले, असे धरू. ३ एप्रिल ते २ मे हे तीस दिवस, म्हणून व्याज १,०८०. त्यानंतर मुद्दल ३६,५०० उरले आणि दिवसाचे व्याज १८ झाले. पत्राची तारीख ११ जून असेल तर ३ मेपासून चाळीस दिवस होतात, त्यांचे ७२०. एकूण व्याज १,८०० आणि मुद्दलासह येणे ३८,३००. अटीत दर "दरमहा दीड टक्का" असा असला तरी मी तो पत्रात दिवसांवर उतरवून मांडतो. सत्तर दिवस म्हणजे सव्वादोन महिने की तीन, हा वाद त्यामुळे मुळातच राहत नाही.

मधे आलेले ३६,५०० आधी व्याजात वळते करावे की मुद्दलात, हे अटीत लिहिलेले नसेल तर मी मुद्दलात जमा धरतो. आधी व्याजात धरले तर मुद्दल ३७,५८० राहते आणि ११ जूनचे येणे सुमारे ३८,३२१ होते. वीस-एकवीसच्या फरकासाठी एक परिच्छेदभर स्पष्टीकरण लिहावे लागत असेल तर ते सोडून द्यावे. मात्र पैसे देताना ग्राहकाने "हे अमुक बिलापोटी" असे कळवले असेल, तर ते त्याच बिलात जमा धरा. त्याने एक बिल सांगितले आणि तुम्ही दुसऱ्यात जमा केले, तर दोघांचे खातेउतारे कधीच जुळणार नाहीत. व्याजावर व्याज अटीत स्पष्ट लिहिलेले असल्याशिवाय लावू नये.

हिशेब असा पक्का झाला की पत्र छोटेच होते. मी ते साधारण असे लिहीन:

विषय: बिल क्रमांक ३१८ ची थकबाकी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण ३ मार्च रोजी आमच्याकडून नेलेल्या मालाचे बिल क्रमांक ३१८ एकूण ७३,००० चे असून, तीस दिवसांच्या मुदतीप्रमाणे ही रक्कम २ एप्रिलपर्यंत येणे अपेक्षित होते. त्यापैकी ३६,५०० आपण २ मे रोजी दिलेत, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. उरलेले ३६,५०० आजपर्यंत आमच्याकडे जमा झालेले दिसत नाहीत.

बिलावरील अट क्रमांक ४ नुसार मुदतीनंतरच्या दिवसांवर दरसाल १८ टक्के दराने सरळ व्याज लागू होते. त्याप्रमाणे ११ जूनअखेर व्याज १,८०० झाले असून मुद्दलासह एकूण येणे ३८,३०० आहे. यापुढे मुद्दल मिळेपर्यंत त्यात रोज १८ ची भर पडेल. दिवसवार हिशेब, बिलाची प्रत आणि माल मिळाल्याची आपली सही असलेले चलन सोबत जोडले आहे.

ही रक्कम २५ जूनपर्यंत पाठवावी, अशी विनंती आहे. त्या दिवशीचे येणे ३८,५५२ असेल. मालाविषयी किंवा हिशेबाविषयी आपली काही हरकत असल्यास ती त्याच तारखेपर्यंत लेखी कळवावी. रक्कम आधीच पाठवली असल्यास व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख कळवावी, म्हणजे आम्ही आमचे खाते लगेच तपासू.

आपला विश्वासू,

इथे पत्र संपते. यातल्या दोन-तीन वाक्यांमागचे कारण सांगतो. "जमा झालेले दिसत नाहीत" यात आरोप नाही आणि बाकी सोडून दिल्याचा अर्थही निघत नाही. पैसे खरेच वाटेत अडकले असतील तर ग्राहकाला त्याने मोकळी वाट मिळते. आधी आलेल्या निम्म्या रकमेबद्दलचे आभार मी मुद्दाम तारखेसह लिहितो. ते सौजन्य तर आहेच, शिवाय निम्मे पैसे देताना त्याने मालाबद्दल तक्रार केली नव्हती, ही गोष्ट न बोलता नोंदली जाते. "लवकरात लवकर" असे मी कधीच लिहीत नाही. त्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो आणि पुढच्या पत्रात "मुदत उलटली" असे म्हणायला तुमच्याकडे तारीखच उरत नाही.

हरकत लेखी मागण्याचे वाक्य अनेकांना धोक्याचे वाटते, जणू आपणच ग्राहकाला पळवाट दाखवतो आहोत. मला तसे वाटत नाही. काही माल खराब निघाला होता आणि त्याची क्रेडिट नोट द्यायची राहिली, असे खरेच असेल तर ते आताच कळलेले बरे, कारण मग मुद्दल कमी होते आणि सगळे व्याज नव्याने काढावे लागते. तसे काही नसेल आणि उत्तरात "थोडी अडचण आहे, पुढच्या महिन्यात देतो" एवढेच आले, तर बाकी मान्य असल्याचा लेखी कागद तुमच्या हाती येतो आणि पुढे प्रकरण वाढलेच तर त्याला बरीच किंमत असते.

संबंध टिकवायचे आहेत म्हणता, तर खरी सवलत शब्दांपेक्षा व्याजात द्या. विनंतीच्या वाक्यापुढे हे जोडता येईल: "२५ जूनपर्यंत मुद्दलाची पूर्ण रक्कम जमा झाल्यास या बिलावरील व्याज आम्ही आकारणार नाही; त्यानंतर मात्र ३ एप्रिलपासूनचे सर्व व्याज देय राहील." जुन्या ग्राहकासाठी मी बहुधा हे वाक्य घालतो. १,८०० सोडून ३६,५०० वेळेत हाती येणार असतील तर सौदा वाईट नाही, आणि आकडा आधीच मांडलेला असल्याने आपल्याला नेमके काय मिळते आहे हे त्यालाही दिसते. पण २६ जूनला खरोखर व्याज लावायची तयारी नसेल तर हे वाक्य घालू नका.

पत्रावर ग्राहकाच्या मालकाचे किंवा पैसे मंजूर करणाऱ्या माणसाचे नाव असावे. प्रत हिशेब विभागाला द्यावी आणि पोच मिळेल अशाच मार्गाने पाठवावे. ईमेल केला तरी सही केलेले पत्र त्याला जोडा. मेसेजवरच्या गप्पांत मधेच टाकलेला आकडा मागणीपत्राचे काम करत नाही.

व्याजमाफीचे वाक्य घातलेले नसताना फक्त ३६,५०० आले, तर बरेच दुकानदार गप्प बसतात आणि तिथे घोळ होतो. पावती लगेच पाठवा आणि त्यात निर्णय लिहा: "बिल ३१८ च्या मुद्दलापोटी जमा, व्याज येणे बाकी", किंवा सोडायचे असेल तर "व्याज माफ, खाते पूर्ण". बाकी लिहिणार असाल तर मुद्दल ज्या दिवशी जमा झाले त्या दिवसापर्यंतचे व्याज काढून तोच आकडा पावतीत घाला, पत्रातला १,८०० तसाच उतरवू नका. ग्राहकाने मात्र "हा संपूर्ण हिशेबाचा शेवटचा हप्ता" असे लिहून रक्कम पाठवली असेल आणि तुम्हाला व्याज हवे असेल, तर ती वापरण्याआधी तुमचे म्हणणे लेखी कळवा. न बोलता ठेवून घेतलेली अशी रक्कम तडजोड मान्य केल्यासारखी धरली जाऊ शकते.