मटकी तोडायची की हंडी फोडायची?

प्रश्न: "माझ्या मामे-मावस भावंडांना (वय ७ ते १२) ग्रुपवर जन्माष्टमीचा मेसेज टाकायचाय, असा लिहिलाय: 'माखनचोराच्या जन्माष्टमीच्या तुम्हा सर्व कझिन्सना हार्दिक शुभेच्छा! चला मटकी तोडूया, थरावर चढूया!' आई म्हणते हे मराठी वाटत नाही. नक्की काय चुकलंय?"

आईचं बरोबर आहे, आणि सगळ्यात जास्त खटकतं ते 'मटकी तोडूया'. हिंदीत मटकी म्हणजे छोटं मडकं, पण आपल्याकडे मटकी म्हटलं की मोड आलेली उसळच डोळ्यासमोर येते, सात वर्षांचं पोर तर विचारेलच की उसळ कशी तोडायची. आपला शब्द हंडी, आणि सणाचं नाव दहीहंडी, हा सामासिक शब्द आहे म्हणून जोडून लिहायचा, 'दही हंडी' असा तोडून नाही.

आता तोडूया. हिंदीत एकाच 'तोडना'मध्ये बरंच काही भागतं, फांदी पण तोडतात आणि मडकं पण. मराठीत ही कामं वाटून दिलेली आहेत. एकमेकांना जोडलेलं काही वेगळं केलं तर ते तोडणं, म्हणजे फांदी तोडली, दोर तोडला, नातं तोडलं. आणि कवच किंवा भांडं भंगून तुकडे झाले, आतलं बाहेर आलं, तर ते फोडणं: नारळ फोडला, अंडं फोडलं, गुल्लक फोडली. परीक्षेचा पेपर फुटतो तोही याच हिशोबाने, आत झाकून ठेवलेलं बाहेर आलं म्हणून. तिसरं मोडणं, काडी मोडली, छत्री मोडली, तिथे वस्तू कामातून जाते पण आतून काही सांडत नाही. हंडीत दही असतं, ती फुटते आणि दही खालच्यांच्या डोक्यावर येतं, म्हणजे फोडणंच. 'हंडी तोडली' असं कुणी म्हणालं तर मला आधी वाटेल की वरचा दोर तुटला आणि हंडी अख्खीच खाली आली, आणि तसं झालं तर खाली उभ्या असलेल्यांचं काही खरं नाही. तेव्हा दोर तुटतो, हंडी फुटते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

माखनचोर हा शब्द ऐकून ऐकून आपल्या तोंडात बसलाय हे मान्य, पण आपल्या घरात माखन कधीच नसतं, लोणी असतं. नाव घ्यायचं तर कान्हा चालेलच, पण मला स्वतःला कान्होबा जास्त आवडतं, विठोबा-खंडोबासारखं घरातलं वाटतं आणि संतांच्या अभंगातही येतं. 'लोणी पळवणारा कान्होबा' असं लिहिलं की मुलांना चित्र लगेच दिसतं.

'थरावर चढूया' अगदी चूक नाही पण पथकातली मंडळी असं बोलत नाहीत. थर लावतात, थर रचतात, 'सात थर लागले' म्हणतात, हंडी न फोडता नुसते थर लावून उतरले तर 'सलामी दिली'. म्हणून 'थर लावूया' हवं. पण तुझ्या भावंडांची वयं बघता मी थराची गोष्टच मेसेजमधून काढेन. २०१७ मध्ये राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं की १४ वर्षांखालच्या मुलांना थरात घेणार नाही, आणि तुझी सगळी टीम १२ पर्यंतची. घरी दारात खाली हंडी बांधून काठीने फोडायची असेल तर 'फोडूया' एकटंच पुरतं, थर कशाला पाहिजेत.

थराच्या जागी जो शब्द घालायचा तो म्हणजे काला, आणि या सगळ्या सणातला मला तोच शब्द सगळ्यात गोड वाटतो. कालवणे या क्रियापदाच्याच घरातला तो. गुरं चारायला गेलेल्या गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कृष्णाने सगळ्या एकत्र कालवल्या आणि सगळ्यांनी मिळून खाल्ल्या, तो गोपाळकाला. आजही काल्यात पोहे, लाह्या, दही, काकडी, लोणचं, भिजवलेली चण्याची डाळ असं ज्याच्या घरात जे असेल ते पडतं. चार घरांतून जमणाऱ्या भावंडांना याच्यापेक्षा नेमका शब्द कुठे मिळणार, प्रत्येकाच्या डब्यातलं वेगळं आणि खायचं एकत्र! फक्त टाईप करताना सांभाळ, गोपाळ मध्ये ळ आहे पण काला मध्ये ल, 'गोपाळकाळा' झालं की काळा रंग झाला. मोबाईलचा कीबोर्ड बऱ्याचदा 'गोपालकाला' पुढे करतो, ते हिंदी वळण, आपल्याकडे गोपाळ आणि गोकुळ दोन्हीकडे ळ.

दिवसाचाही थोडा घोळ आहे तुझ्या मेसेजमध्ये. जन्माष्टमी शब्द चूक नाही, पण आपल्याकडे घरात रुळलेला शब्द गोकुळाष्टमी. ती श्रावण वद्य अष्टमी, त्या मध्यरात्री जन्म होतो, पाळणा हलतो. हंडी आणि काला दुसऱ्या दिवशी. म्हणजे अष्टमीच्या सकाळी 'चला हंडी फोडूया' लिहिलंस तर एखादं चौकस पोर म्हणेलच की अजून बाळ जन्मलं पण नाही आणि दही सांडायला निघालात. एकच मेसेज टाकायचा असेल तर रात्री बारानंतर टाक, दोन्ही गोष्टी बसतात.

राहिलं 'तुम्हा सर्व कझिन्सना हार्दिक शुभेच्छा'. हे बॅनरवरच्या नेत्याचं बोलणं झालं, सात वर्षांच्या मामेभावाला कोण असं बोलतं? कझिन्ससाठी भावंडं हा सुंदर शब्द आहे, त्यात मुलगे-मुली सगळे येतात, मामे-मावस-चुलत-आते सगळे मावतात. पण थेट हाक मारायची तर 'पोरांनो' किंवा 'गोविंदांनो' म्हण. बाकी शुभेच्छा शब्द ठेवायचा की नाही ते तू ठरव, मी तरी लहानांसाठी ठेवणार नाही, कारण आपल्याकडे हंडी फुटल्यावर ओरडायची तयार ओळ पिढ्यान् पिढ्या आहे, 'गोपाळकाला गोड झाला, गोपाळांनी गोड केला', आणि शुभेच्छेचं काम ती जास्त चांगलं करते, शिवाय मुलांना ओरडायला मिळतं.

तुझाच मेसेज धरून मी असा लिहीन:

"गोविंदांनो, उठा! रात्री बारा वाजता लोणी पळवणारा कान्होबा आलाय. आज हंडी फोडायची आणि प्रत्येकाने आपापल्या डब्यातलं आणून काला करायचा, लोणचं कोण आणणार ते आत्ताच सांगा. हंडी फुटली की सगळ्यांनी एकदम ओरडायचं: गोपाळकाला गोड झाला, गोपाळांनी गोड केला!"

बारा वर्षांची जी असेल तिला हे थोडं बाळबोध वाटू शकतं, तिला वेगळं लिही: "यंदा काला कालवायचं काम तुझं, पोहे किती भिजवायचे ते मावशीला विचारून ठेव." म्हणजे ती लहानांच्या रांगेतून सुटते. आणि सगळ्यात धाकट्याला पेंद्या म्हणून हाक मारून बघ, कृष्णाचा तो धडपड्या सवंगडी आहे, गौळणींमधून पण येतो, आमच्याकडे धाकटा दरवर्षी ते नाव मिळावं म्हणून भांडतो.