जाता-येता एकच तिकीट की दोन वेगळी? बँकॉकच्या सहलीचा खरा हिशोब

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं (मी, मिस्टर, १४ आणि ९ वर्षांची मुलं) आठवडाभर बँकॉक-पट्टायाला जायचं म्हणतोय. मुंबईहून एका मोठ्या कंपनीचं जाऊन-येऊन तिकीट माणशी २६,४०० रुपये आहे, त्यात प्रत्येकी २५ किलो सामान आणि जेवण. मुलाने शोधलेला पर्याय असा : जाताना आपल्याकडची स्वस्त विमान कंपनी, १०,९०० रुपये, २० किलो सामानासह, येताना तिकडची स्वस्त कंपनी, ८,९०० रुपये, त्यात फक्त ७ किलोची हातातली बॅग. म्हणजे चौघांत एक तिकीट फुकट पडतंय! सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, तारीख अजून मिळालेली नाही. कोणतं घ्यावं? — एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमच्या मुलाचं गणित बरोबर आहे. फरक २६,४०० रुपयांचाच येतो. फक्त तो विमानात बसण्यापुरता आहे, आणि आपल्याला हिशोब करायचाय घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत.

आधी दोन पद्धतींतला फरक. मोठ्या कंपन्या परदेशी मार्गावर जाऊन-येऊनचा एकत्र दर ठरवतात. त्यांचं नुसतं जाण्याचं तिकीट बघितलंत तर ते बरेचदा निम्म्याहून कितीतरी महाग निघतं. स्वस्त कंपन्या प्रत्येक फेरीचा दर सुटा लावतात आणि बॅग, सीट, खाणं वेगवेगळं विकतात. त्यामुळे दोन सुट्या तिकिटांचा फायदा अशा स्वस्त कंपन्यांमध्येच मिळतो, आणि तिथेच प्रत्येक गोष्टीचं वेगळं बिल होतं.

आता सामान. जाताना तुम्ही हलके असाल, येताना नाही. बँकॉकहून मोकळ्या हाताने आलेलं नाशिककर कुटुंब मी अजून पाहिलेलं नाही. सुट्या तिकिटांची एक गोष्ट मला आवडते ती इथेच : बॅग फक्त येतानाची विकत घेता येते आणि चौघांना चार घ्याव्या लागत नाहीत. २० किलोच्या दोन पुरतील. तुमच्या तारखांना मी पाहिलं तेव्हा एका बॅगेचे आगाऊ २,४०० रुपये दिसत होते, म्हणजे दोनचे ४,८०० रुपये. हे तिकिटाबरोबरच घ्या. विमानतळावर वजन किलोच्या भावाने मोजतात आणि तो भाव आगाऊ दराच्या कितीतरी पट असतो.

हातातल्या ७ किलोबद्दलही एक सांगतो. बऱ्याच स्वस्त कंपन्यांत बॅग आणि पर्स मिळून ७ किलो धरतात, आणि रिकामी चाकांची बॅगच अडीच-तीन किलोची असते. एकदा परतीच्या विमानाच्या दारापाशी आमची बॅग साडेनऊ किलो भरली. मी अंगात दोन जॅकेटं चढवली, खिशात चार्जर कोंबले, तरी काटा आठाच्या खाली येईना. पैसे भरले ते भरलेच. तुम्ही पाठीवरच्या कापडी सॅक घ्या आणि घरी वजनकाट्यावर धरून बघा.

येतानाच्या कंपनीत सीट न निवडता तिकीट काढलंत तर लहान मुलगा तीन रांगा पुढे बसू शकतो. चौघांच्या सीटचे १,६०० रुपये धरा. जातानाच्या कंपनीत सीट आणि ऑनलाइन पेमेंटचं शुल्क मिळून २,४०० रुपये. दोन्हीकडचं खाणं १,६०० रुपये.

यातला एक खर्च स्क्रीनवर दिसतच नाही. परतीचं तिकीट तिकडच्या कंपनीच्या साइटवर बाथमध्ये कापलं जाईल. तिकीट, बॅगा आणि सीट मिळून ती रक्कम साधारण ४२,००० रुपयांची होते. तुमच्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं शुल्क ३.५ टक्के असेल, तर त्यावरच्या १८ टक्के जीएसटीसकट आणखी १,७३५ रुपये महिनाअखेरच्या बिलात उमटतील. पेमेंट करताना पान ‘रुपयांत भरता का?’ असं विचारेल. ‘हो’ म्हटलंत तर दर त्यांचा लागेल आणि तो बहुधा कार्डाच्या दरापेक्षा वाईट असतो. शिवाय काही बँका त्यावरही वेगळं शुल्क घेतात. घरात परकीय चलनाचं शुल्क कमी असलेलं कार्ड असेल तर ते वापरा.

मग मुंबई-नाशिक. एकत्र तिकिटाचं परतीचं विमान दुपारी दोनला मुंबईत उतरतं. तिथून टॅक्सीने दादर आणि संध्याकाळची पंचवटी, चौघांचे सगळे मिळून सुमारे २,२०० रुपये. स्वस्त कंपनीचं विमान रात्री अडीचला उतरतंय. त्या वेळी गाडी नाही, हॉटेल परवडत नाही, म्हणजे नाशिकपर्यंत टॅक्सी, साडेपाच हजारांच्या आसपास. फरक ३,३०० रुपयांचा. आमणे ते इगतपुरी हा समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट चुकवता येतो हे खरं, पण पहाटे चारला चालकाच्या डोळ्यांवर झोप असते, हेही लक्षात ठेवा.

विमानतळाची इंग्रजी अक्षरंही नीट वाचा. मुंबईचा जुना विमानतळ BOM आहे, नवी मुंबईचा NMI. बँकॉकलाही दोन आहेत. सुवर्णभूमी म्हणजे BKK, डॉन मुआंग म्हणजे DMK, आणि स्वस्त कंपन्या बऱ्याचदा DMK वापरतात. तुमचे शेवटचे दिवस पट्टायात असतील तर सुवर्णभूमी वाटेवरच लागतो, डॉन मुआंगला मात्र शहर ओलांडून उत्तरेला जावं लागतं. तो जादा टॅक्सीखर्च मी हिशोबात धरलेला नाही.

हे सगळं मिळवलं की १५,४३५ रुपये होतात. तुमच्या २६,४०० रुपयांतून ते गेले की हातात उरतात १०,९६५ रुपये. अकरा हजार धरू. फुकट तिकीट अर्ध्याच्याही खाली आलं, पण बचत अजून आहे. सासूबाईंचं ऑपरेशन नसतं तर मी तुम्हाला दोन सुटी तिकिटंच घ्या म्हटलं असतं.

आता चेक-इन, कारण बचत घालवायची ही सगळ्यात सोपी जागा आहे. आपल्याकडे काऊंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी कंपन्यांनी जादा पैसे घेऊ नयेत असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये बजावलं. तिकडच्या कंपनीला तो आदेश लागू नाही, तिच्या स्वतःच्या अटी असतात. म्हणून परतीचं वेब चेक-इन खिडकी उघडताच पट्टायातून करून टाका आणि पास मोबाइलमध्ये जतन करा.

जातानाच्या काऊंटरवर वेगळीच गंमत होते. तुमच्या हातात फक्त जाण्याचं तिकीट असेल, तर कर्मचारी परतीचं तिकीट मागतो. थायलंडने प्रवाशाला परत पाठवलं तर त्याला आणण्याची जबाबदारी नेणाऱ्या कंपनीवर येते, म्हणून तो मागणारच. दुसऱ्या कंपनीचं तिकीट त्याच्या संगणकात दिसत नाही. त्याचा छापील कागद जवळ ठेवा. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्डही मे २०२५ पासून सक्तीचं आहे. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा.

आता सासूबाई. माझ्या मते तुमचा निर्णय इथे ठरतो.

सहल रद्दच झाली तर काय बुडेल? एकत्र तिकिटावर रद्द करण्याचं शुल्क माणशी ५,००० रुपये दिसतंय, म्हणजे वीस हजार जातील. सुट्या तिकिटांमध्ये जाण्याच्या तिकिटाला माणशी ६,५०० रुपये, म्हणजे सव्वीस हजार, आणि परतीचं परतावा नसलेलं तिकीट बॅगा-सीटसकट जवळपास पूर्ण बेचाळीस. एकूण अडुसष्ट हजार. दोन्हींत फरक अठ्ठेचाळीस हजारांचा.

तुमच्यासारखी पाच कुटुंबं आहेत अशी कल्पना करा. सगळ्यांनी सुटी तिकिटं काढली. चार कुटुंबं जाऊन आली, त्यांचे अकरा-अकरा हजार वाचले, एकूण चव्वेचाळीस. पाचव्याची सहल रद्द झाली, त्याचे अठ्ठेचाळीस जादा गेले. म्हणजे रद्द होण्याची शक्यता पाचात एक असेल तिथे पारडं जवळपास समान होतं आणि त्याहून जास्त असेल तर एकत्र तिकीट स्वस्त. ऑपरेशन सांगितलेलं आहे, तारीख नाही आणि सुट्टी दिवाळीचीच. तुमची शक्यता पाचात एकाहून कमी आहे असं मला म्हणवत नाही. प्रवास विम्यावर भिस्त ठेवू नका, आधीच ठरलेल्या ऑपरेशनमुळे सहल रद्द झाल्यास दावा सहसा बसत नाही.

जातानाचं विमान कंपनीनेच रद्द केलं, तरी असंच. एकत्र तिकिटाचे दोन्ही बाजूंचे पैसे परत मागता येतात. सुट्यांत पहिली कंपनी तिच्यापुरते पैसे देईल. दुसरीच्या दृष्टीने तिचं विमान वेळेवर उडालं, तुम्हीच आला नाहीत. प्रवासाच्या साइटवर दोन्ही एकाच पानावर, एकाच पेमेंटमध्ये घेतलेली असली तरी पीएनआर दोन असतील तर ती दोन तिकिटंच.

सुट्यांच्या बाजूने एक मुद्दा उरतो आणि तो तुमच्याच घरात घडू शकतो. समजा बाकी तिघं गेले, तुम्ही सासूबाईंजवळ राहिलात आणि दोन दिवसांनी वेगळं तिकीट काढून निघालात. एकत्र तिकिटात तुम्ही पहिल्या विमानाला न कळवता गैरहजर राहिलात, तर तुमची परतीची जागाही आपोआप रद्द होते. सुट्यांत परतीचं तिकीट शाबूत राहतं. म्हणून एकत्र घेतलंत आणि तशी वेळ आलीच, तर विमान सुटण्याआधी कंपनीला फोन करून तुमचा पीएनआर वेगळा करून घ्या आणि तारीख बदला. दरातला फरक भरावा लागेल, पण परतीचं तिकीट वाचेल.

मी असं करा म्हणेन. आधी डॉक्टरांकडून तारीख घ्या, निदान महिना तरी. ऑपरेशन दिवाळीच्या दीड-दोन महिने आधी होणार असेल किंवा सरळ जानेवारीत जाणार असेल, तर मुलाचं ऐका आणि येतानाच्या दोन बॅगांसकट सुटी तिकिटं काढा. तारीख मिळत नसेल आणि दर चढायच्या आत तिकीट काढायचंच असेल, तर एकत्र तिकीट घ्या. फक्त पेमेंटच्या आधी भाड्याचे नियम उघडून ते ५,००० रुपयांचं शुल्क तुम्ही निवडलेल्या भाड्यालाच लागू आहे ना, हे बघा. त्याच कंपनीच्या सगळ्यात स्वस्त भाड्यात रद्द केल्यावर जवळपास काहीच परत मिळत नाही असंही असतं, आणि मग माझं वरचं सगळं गणित उलटतं.