किंमत-दर्जाचा नकाशा फाडून टाक

तुझ्या बेकरीचे स्पर्धक कोण, हे दाखवायला तू काढलेला नकाशा पाहिला. आडव्या अक्षावर किंमत, उभ्यावर दर्जा. मग सगळ्या बेकऱ्या एका तिरक्या रेघेत येणारच, दोन्ही बरोबरच वाढतात ना! अशी रेघ दिसली की दोन्ही अक्ष एकच गोष्ट सांगतात, मग अक्ष बदलायचे.

दुकानं किती आणि माल किती दिवस टिकतो, हे अक्ष घेऊन बघ. पुण्याच्या कॅम्पातली कयानी: एक दुकान, बरेच दिवस टिकणारी श्रूजबेरी बिस्किटं. मॉन्जिनीस: भरपूर दुकानं, लवकर संपवावा लागणारा क्रीमचा केक. दोन्ही बेकऱ्याच, पण वाढदिवसाचा केक नाही मिळाला म्हणून कोणी श्रूजबेरीच्या रांगेत उभं राहत नाही. खात्री करायची तर गिऱ्हाइकाला विचार, "आज आम्ही बंद असतो तर कुठे गेला असतात?" त्याचं उत्तर तोच तुझा स्पर्धक.

'रोजचा ताजा पाव, अनेक दुकानं' हा कोपरा रिकामा दिसला तर लगेच हुरळू नकोस. समज, 20 दुकानांत रोज 5-5 लाद्या उरल्या, तर रात्री 100 लाद्या शिळ्या. वर पहाटे दुकानोदुकानी पाव पोचवणाऱ्या गाडीचा खर्च. जागा रिकामी आहे की कोणाला परवडत नाही, हे आधी दोन दुकानांत महिनाभर उरलेल्या लाद्या मोजून ठरव.