पोकळी, रिक्ती आणि होल: दोष-आलेखातले शब्द

प्रश्न: धातू-ऑक्साइडच्या 'डिफेक्ट डायग्रॅम'ला 'दोषचित्र' म्हणावं का? आणि 'व्हेकन्सी' व 'होल' या दोन्हींना 'पोकळी' लिहिलं तर चालेल का? एका भाषांतरात दोन्हीकडे तोच शब्द वाचला आणि आकृतीच कळेनाशी झाली.

उत्तर: दोन्हींना 'पोकळी' चालणार नाही. व्हेकन्सी म्हणजे आयन नसलेली जागा, होल म्हणजे भरलेल्या पातळ्यांमधून कमी झालेला इलेक्ट्रॉन. या दोन गोष्टी एकाच आलेखावर दोन वेगळ्या रेषा म्हणून येतात. धातूच्या व्हेकन्सीचा प्रभार होलच्या विरुद्ध असतो आणि आलेखाच्या मधल्या पट्ट्यात त्यांचं वागणंही वेगळं असतं. 'दोष' मात्र ठेवायला हरकत नाही, थोडी काळजी घेतली म्हणजे झालं. 'चित्र'ऐवजी 'आलेख' म्हणावं, कारण याला दोन अक्ष आहेत. आडव्या अक्षावर ऑक्सिजनच्या आंशिक दाबाचा लॉग, उभ्या अक्षावर प्रत्येक दोषाच्या संहतीचा लॉग, आणि तापमान एकच, ठरलेलं.

शब्द पारखायचे तर एक आलेख प्रत्यक्ष काढून पाहावा. MO असं सूत्र असलेलं शुद्ध ऑक्साइड घेऊ. त्यात धातूचा आयन गैरहजर असलेली जागा V_M'' आणि ऑक्सिजनचा आयन गैरहजर असलेली जागा V_O••. वर दिलेली टिंबं म्हणजे त्या जागेच्या नेहमीच्या स्थितीच्या तुलनेत धन प्रभार, आणि तिरप्या रेघा म्हणजे ऋण प्रभार. O²⁻ निघून गेला की ती जागा पूर्वीपेक्षा दोनने धन होते, म्हणून दोन टिंबं. ही चिन्हपद्धती क्रोगर आणि विंक यांची, १९५६ची. आलेखाचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात सरळ रेषा काढायची रीत ब्रोवर यांनी १९५४मध्ये मांडली, म्हणून या आलेखाला ब्रोवर आलेखही म्हणतात.

तीन समतोल आणि एक प्रभारसमतोल एवढ्यावर सगळं उभं राहतं. n म्हणजे इलेक्ट्रॉनांची संहती, p म्हणजे होलांची. सगळ्या संहती दर सूत्र-एककामागे मोजल्या आहेत आणि ऑक्सिजनचा आंशिक दाब pO2 बारमध्ये आहे. खालचे स्थिरांक कुठल्याही विशिष्ट ऑक्साइडचे नाहीत, हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडले आहेत.

```
[V_O••] · n² · pO2^(1/2) = K_R = 10^-20
[V_M''] · [V_O••]        = K_S = 10^-8
n · p                    = K_i = 10^-12
n + 2[V_M''] = p + 2[V_O••]
```

पहिली ओळ सांगते की स्फटिकातला ऑक्सिजन वायूत गेला तर मागे एक V_O•• आणि दोन इलेक्ट्रॉन राहतात. दुसरी ओळ दोन्ही प्रकारच्या रिकाम्या जागा जोडीने तयार होण्याची. तिसरी इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या जोडीची. चौथी ओळ म्हणजे स्फटिक एकूण प्रभाररहित असण्याची अट.

ब्रोवर यांची युक्ती चौथ्या ओळीत आहे. दोन्ही बाजूंचं फक्त एकेक सर्वांत मोठं पद ठेवायचं. इथे K_S हा K_i पेक्षा दहा हजार पट मोठा, म्हणून मधल्या पट्ट्यात दोन्ही रिकाम्या जागा वरचढ ठरतात. दोघींची संहती समान, म्हणजे 10⁻⁴. दाब कितीही बदला, या पट्ट्यात दोन्ही रेषा आडव्या. V_O•• स्थिर असल्यामुळे पहिल्या ओळीत n² आणि दाबाचं वर्गमूळ यांचा गुणाकार स्थिर राहतो, म्हणून n च्या रेषेचा चढ −१/४. n·p स्थिर असल्याने p च्या रेषेचा चढ +१/४. आकडे घातले तर 10⁻⁸ बारला n आणि p दोन्ही 10⁻⁶ येतात, तिथे या रेषा एकमेकींना छेदतात.

आता 'पोकळी'ची परीक्षा इथेच घ्या. 'मधल्या पट्ट्यात पोकळ्यांची संहती दाबावर अवलंबून नसते.' हे V_M'' बद्दल बरोबर आहे आणि h• म्हणजे होलबद्दल साफ चूक. वाचणाऱ्याने कुठली रेषा पाहायची?

उजवीकडे, जास्त दाबाला, होल इतके वाढतात की p हे पद धन प्रभाराच्या बाजूने वरचढ होतं. तिथे अट p = 2[V_M''] अशी उरते. दोन्ही रेषा समांतर वर चढतात, चढ +१/६, आणि दहापटीला एक दशक धरलं तर होलची रेषा लॉग २ म्हणजे ०.३ दशकाने वर. सगळ्यात जास्त गोंधळ याच कोपऱ्यात होतो, कारण रेषांच्या दिशेवरून आता काहीच ओळखता येत नाही. एकच शब्द वापरला तर वाक्य होईल, 'दर पोकळीमागे दोन पोकळ्या'. शब्द वेगळे केले की अर्थ आपोआप उभा राहतो: धातूच्या प्रत्येक रिकाम्या जागेचा ऋण प्रभार दोन होल भरून काढतात.

चढ १/४ वरून १/६ का झाला, हेही बघण्यासारखं आहे. कमी दाबाच्या टोकाला n = 2[V_O••] असतं. तेव्हा पहिल्या ओळीत V_O•• च्या जागी n/2 घातलं की n² चं n³ होतं, आणि दाबाच्या अर्ध्या घाताला तिनाने भागल्यावर −१/६ येतो. मधल्या पट्ट्यात भागाकार दोनाने होतो, म्हणून −१/४. म्हणजे चढ पाहून प्रभार कोण सांभाळतं आहे ते कळतं. आलेख वाचण्याची खरी किल्ली हीच. पण किल्ली एकतर्फी आहे. कमी प्रभाराची अशुद्धी धातूच्या जागी बसली, तिचा प्रभार V_O•• ने भरून काढला, आणि अशुद्धीची मात्रा स्थिर असली, तरी V_O•• स्थिरच राहतो आणि n चा चढ पुन्हा −१/४ च येतो. दोन्ही शक्यता वेगळ्या करायच्या तर अशुद्धीची मात्रा बदलून पाहावी लागते. V_O•• ची सपाट रेषा तिच्याबरोबर वर गेली तर ती अशुद्धीची.

आता पट्ट्यांच्या सीमा. डावीकडे n ने 2×10⁻⁴ गाठलं की पट्टा बदलतो, आपल्या आकड्यांत लॉग pO2 = −१७.२ ला. उजवीकडे तेच p साठी, +१.२ ला, म्हणजे सुमारे १६ बार. दोन्ही सीमा −८ पासून सारख्याच अंतरावर आहेत, तशा आल्या नाहीत तर हिशेबात चूक झाली असं समजावं. सीमेवर सरळ रेषांचा कोपरा दिसतो तो खरा नसतो. डावीकडच्या कोपऱ्यावर चौथी ओळ पूर्ण सोडवली तर V_O•• 10⁻⁴ न येता 1.49×10⁻⁴ येतो. लॉग अक्षावर ही ०.१७ दशकाची गोलाई डोळ्याला किरकोळ वाटते, पण प्रत्यक्षात ती दीडपट आहे. मोजलेले बिंदू कोपऱ्याजवळ रेषेपासून सुटलेले दिसले तर त्यांना लगेच प्रयोगातली चूक म्हणू नये.

आता शब्दांकडे. 'व्हेकन्सी'साठी 'रिक्ती' किंवा 'रिक्तस्थान' मला सर्वांत नेमके वाटतात. 'पद रिक्त आहे' असं आपण म्हणतो तेव्हा पद असतंच, त्यावर माणूस नसतो. स्फटिकातही जागा मंजूर आहे, तिच्यावरचा आयन नाही. 'पोकळी'त हा अर्थ येत नाही. बांबू पोकळ असतो, पंप पोकळी निर्माण करतो, तिथे कुणाची नेमलेली जागा नसते. शिवाय भाजलेल्या ऑक्साइडच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी खरी भोकं असतातच. 'पोकळी' त्यांच्यासाठी राखून ठेवावी.

'होल'ला मी 'होल'च म्हणेन. 'विवर' म्हटलं की कृष्णविवर किंवा चंद्रावरचा खड्डा आठवतो, आणि 'भोक' तर आरपार असतं. इथे आयन हललेला नाही, फक्त इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या पातळ्यांमधून एक इलेक्ट्रॉन कमी झाला आहे. 'धातूच्या रिक्तीमागे दोन होल' हे वाक्य ऐकताक्षणी कळतं.

'दोष'बद्दल काळजी कशाची? मराठीत दोष हा काढायचा असतो: दृष्टिदोष, उच्चारदोष. इथे तसं नाही. तापमान शून्य केल्व्हिनच्या वर असेल तर समतोलातल्या स्फटिकात काही दोष असतातच, कारण थोड्या जागा रिकाम्या झाल्याने एन्ट्रॉपी वाढते आणि एकूण मुक्त ऊर्जा कमी होते. आलेखात हे स्पष्ट दिसतं. n = p असलेल्या 10⁻⁸ बारला धातू आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण बरोबर १:१ आहे, तरी दर दहा हजार जागांमागे एक रिक्ती दोन्हीकडे आहेच. म्हणून 'सदोष ऑक्साइड' असं लिहू नये. वाचणारा नमुना बिघडला असं समजेल. 'दोष-संहती', 'बिंदुदोष', 'दोष-आलेख' हे शब्द ठीक आहेत. 'उणीव' का नको? कारण जागांच्या मध्ये घुसलेला जादा आयनही दोषच मोजला जातो, आणि तिथे उणं काहीच नाही.

प्रमाण १:१ पासून किती ढळलं आहे हे आडव्या रेषांकडे पाहून कळत नाही, हेही लक्षात ठेवा. 10⁻¹² बारला दोन्ही रिक्तींच्या रेषा एकमेकींवर बसलेल्या दिसतात, पण चौथ्या ओळीप्रमाणे त्यांच्यातला फरक (n−p)/2, म्हणजे सुमारे 5×10⁻⁶ आहे. ऑक्साइडात ऑक्सिजन कमी पडू लागलेला असतो, रेषा मात्र एकच वाटते.

शेवटी एक नाव जे मी कधीच वापरणार नाही: n = p या बिंदूला 'किमान चालकतेचा बिंदू' म्हणणं. चालकतेत संहतीबरोबर गतिशीलताही येते. रिक्तींच्या वहनाचा वाटा बाजूला ठेवला आणि इलेक्ट्रॉन होलपेक्षा दहापट गतिशील धरले, तर किमान चालकता p ही n च्या दहापट असते तिथे येईल. आपल्या आकड्यांत तो दाब 10⁻⁶ बार, म्हणजे छेदबिंदूच्या दोन दशकं उजवीकडे. छेदबिंदूला 'n = p बिंदू' म्हणावं आणि किमान चालकतेचा दाब वेगळा लिहावा.